होळकर पुलाखालचं पाणी किती वर आलं? दिलेल्या ऑटोकोरिलेशनवरून किमान त्रुटीचा फिल्टर, हाताने सोडवून

गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की नाशिककर रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीकडे बघतात. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं, यावरून पुराचा अंदाज बांधायची ही जुनी पद्धत. अंदाजासाठी ती पुरते. पण गोदावरीची पातळी सेंटीमीटरमध्ये हवी असेल, तर पुलाखाली पाण्याकडे तोंड करून अल्ट्रासॉनिक सेन्सर लावावा लागतो, आणि तिथे लगेच अडचण येते. सेन्सर ज्या क्षणी मोजतो त्या क्षणी त्याच्याखाली लाटेचा माथा असेल की खळगा, हे आपल्या हातात नसतं. त्यामुळे नदीची खरी पातळी स्थिर असली तरी रीडिंग दोन-तीन सेंटीमीटर वरखाली उड्या मारतं.

या लेखात असाच एक सेन्सर होळकर पुलाखाली लावला आहे असं धरून चालू. तो दर दहा मिनिटांनी एक रीडिंग देतो. आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत, पण पद्धत तीच जी प्रत्यक्ष डेटावर वापरायची. डिजिटल सिग्नल प्रोसेसिंगच्या पेपरात हा प्रश्न ‘ऑटोकोरिलेशन दिलेलं आहे, वीनर फिल्टर काढा’ असा एका ओळीत येतो. वीनर फिल्टर म्हणजे त्रुटीच्या वर्गाची सरासरी सगळ्यात कमी ठेवणारा फिल्टर. मुलं मॅट्रिक्स मांडतात, उत्तर काढतात आणि पुढे जातात. पण त्या दोन-तीन आकड्यांत काय काय दडलेलं असतं, ते थोडं थांबून बघण्यासारखं आहे.

आपल्या हातात काय आहे

सेन्सरचं रीडिंग म्हणजे खरी पातळी अधिक लाटांमुळे आलेला नॉइज:

```
x(n) = d(n) + v(n)
```

इथे एक गोष्ट आधीच पक्की करायची. `x` आणि `d` ही थेट पातळी नाही. गेल्या काही दिवसांची सरासरी पातळी, समजा २५० सेंटीमीटर, वजा करून उरलेला फरक आहे. रीडिंग २५६ आलं तर `x = 6`. हे वजा करणं का टाळता येत नाही ते थोड्या वेळाने आकड्यांतच दिसेल.

फरकांच्या लांबलचक नोंदीवरून ऑटोकोरिलेशन काढलं आणि हे आकडे मिळाले, एकक चौरस सेंटीमीटर:

```
r_x(0) = 7      r_x(1) = 4      r_x(2) = 3.2
```

`r_x(0)` म्हणजे रीडिंगचा व्हेरियन्स. `r_x(1)` म्हणजे एका रीडिंगचा आणि त्याच्या आधीच्या रीडिंगचा गुणाकार करून घेतलेली सरासरी, आणि `r_x(2)` म्हणजे वीस मिनिटांच्या अंतराने तेच. प्रत्यक्ष डेटावरून हे काढताना गुणाकारांची बेरीज प्रत्येक वेळी एकूण रीडिंगच्या संख्येने भागा, जितके गुणाकार झाले तितक्याने नाही. दुसऱ्या पद्धतीत लॅगनुसार, म्हणजे दोन रीडिंगमधल्या पायऱ्यांच्या अंतरानुसार, भाजक बदलतो आणि कधी कधी असे आकडे येतात जे एकत्र असूच शकत नाहीत. मग मॅट्रिक्सचा निश्चयक ऋण येतो आणि ‘किमान त्रुटी’ शून्याच्या खाली जाते. अशी त्रुटी दिसली की समीकरणं तपासत बसू नका, ऑटोकोरिलेशन कसं काढलं ते तपासा.

नोंद किती लांब हवी? दर दहा मिनिटांनी म्हणजे दिवसाला १४४ रीडिंग. ऐकायला भरपूर वाटतात, पण शेजारची रीडिंग एकमेकांसारखीच असल्यामुळे त्यातली नवी माहिती बरीच कमी असते. इथल्यासारखा सिग्नल असेल तर एका दिवसावरून काढलेल्या सिग्नलच्या व्हेरियन्समध्ये पंचवीस टक्क्यांच्या आसपास चूक सहज होते. दहा दिवस घेतले तर ती आठ टक्क्यांपर्यंत येते. नदी शांत असलेले दोन-तीन आठवडे मिळाले तर उत्तम.

नॉइज वेगळा काढणं

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि पेपरात नॉइजचा व्हेरियन्स आयता दिलेला असल्यामुळे नेमकी हीच शिकवायची राहून जाते.

दहा मिनिटांपूर्वीच्या लाटेचा आत्ताच्या लाटेशी काही संबंध नाही. म्हणून नॉइजचं ऑटोकोरिलेशन फक्त शून्य लॅगवर असतं, बाकी सगळीकडे शून्य. शिवाय लाटांचा पातळीच्या संथ चढउताराशी संबंध नाही असं धरलं आणि नॉइजच्या व्हेरियन्सला `σ²` म्हटलं, तर:

```
r_x(0) = r_d(0) + σ²
r_x(k) = r_d(k)        k = 1, 2, ...
```

म्हणजे लॅग १ आणि लॅग २ चे आकडे स्वच्छ सिग्नलचेच आहेत. नॉइज फक्त पहिल्या आकड्यात मिसळलेला आहे. आता ३.२ ला ४ ने भागा, ०.८ येतं. दर पायरीला सिग्नलचं ऑटोकोरिलेशन ०.८ पटीने घटतंय असं मानलं, तर उलटं मागे जाऊन शून्य लॅगवर ४ भागिले ०.८, म्हणजे ५ असायला हवं. प्रत्यक्षात तिथे ७ आहे. वरचे २ हा नॉइज.

```
r_d(0) = 5     r_d(1) = 4     r_d(2) = 3.2     σ² = 2
```

‘०.८ पटीने घटतं’ हे आपण मानलेलं आहे, म्हणून शक्य असेल तर लॅग ३ आणि ४ सुद्धा काढून बघा. ते २.५६ आणि २.०५ च्या जवळपास आले तर गृहीतक टिकलं. नॉइज मोजायचा आणखी एक मार्ग सुचवला जातो: सेन्सर बादलीतल्या स्थिर पाण्यावर धरायचा आणि रीडिंगचा व्हेरियन्स घ्यायचा. त्यातून सेन्सरच्या इलेक्ट्रॉनिक्सचा नॉइज कळतो. लाटांचा नाही, आणि इथे मोठा वाटा लाटांचा आहे.

एक झटपट तपासणीही करून टाका. नॉइज ३.५ आहे असं कुणी सांगितलं तर `r_d(0)` होईल ३.५, आणि `r_d(1)` मात्र ४. कुठल्याही सिग्नलचं स्वतःशी असलेलं नातं शून्य लॅगपेक्षा दुसरीकडे जास्त असू शकत नाही. तो आकडा तिथेच बाद.

नॉर्मल समीकरणं कुठून येतात

आधी दोनच रीडिंग वापरू: आत्ताचं आणि त्याच्या आधीचं.

```
y(n) = w0·x(n) + w1·x(n-1)
e(n) = d(n) - y(n)
```

`w0` आणि `w1` अशी निवडायची की `e` च्या वर्गाची सरासरी सगळ्यात कमी यावी. डेरिव्हेटिव्ह शून्य ठेवून समीकरणं मिळतात, पण तर्काने जाणं जास्त लक्षात राहतं. समजा आपली त्रुटी `e(n)` आणि मागचं रीडिंग `x(n-1)` यांच्यात थोडंसंही नातं शिल्लक आहे. मग त्या नात्याचा फायदा घेऊन `w1` जरा हलवता आला असता आणि त्रुटी आणखी कमी झाली असती. याचा अर्थ आपण किमान जागेवर पोचलोच नव्हतो. किमान जागेवर त्रुटीचं वापरलेल्या प्रत्येक रीडिंगशी असलेलं नातं शून्य असलंच पाहिजे. जितकी रीडिंग वापरली तितक्या अटी, आणि प्रत्येक अट म्हणजे एक समीकरण.

`e(n)` ला `x(n)` ने गुणून सरासरी शून्य ठेवा, मग `x(n-1)` ने गुणून तेच करा:

```
r_x(0)·w0 + r_x(1)·w1 = r_d(0)
r_x(1)·w0 + r_x(0)·w1 = r_d(1)
```

उजवीकडे `r_d` कसं आलं? तिथे खरं तर `d(n)` आणि `x(n-k)` यांच्यातलं क्रॉसकोरिलेशन हवं. पण `x` म्हणजे `d` अधिक `v`, आणि `v` चं `d` शी नातं नाही, म्हणून ते `r_d(k)` इतकंच उरतं. डावीकडे मात्र `r_x`, म्हणजे नॉइजसकट. पेपर तपासताना सगळ्यात जास्त चुका इथेच दिसतात. दोन्हीकडे `r_x` लिहिलं तर उत्तर `w0 = 1, w1 = 0` येतं, म्हणजे फिल्टर काहीच करत नाही. दोन्हीकडे `r_d` लिहिलं तरीही तेच उत्तर. असं उत्तर आलं की कुठे बघायचं ते कळलं.

दोन वजनं, दहावीच्या पद्धतीने

```
7·w0 + 4·w1 = 5
4·w0 + 7·w1 = 4
```

दहावीच्या बीजगणितातली क्रेमरची पद्धत पुरेशी आहे. निश्चयक ४९ वजा १६, म्हणजे ३३.

```
w0 = (5·7 - 4·4)/33 = 19/33 = 0.5758
w1 = (7·4 - 4·5)/33 =  8/33 = 0.2424
```

उरलेली किमान त्रुटी:

```
J = r_d(0) - w0·r_d(0) - w1·r_d(1)
  = 5 - (19·5 + 8·4)/33 = 38/33 = 1.1515
```

कच्च्या रीडिंगची त्रुटी होती २. ती १.१५ वर आली. वर्गमूळ घेतलं तर १.४१ सेंटीमीटरवरून १.०७ सेंटीमीटरवर.

आता एक सोपा पडताळा, जो मी प्रत्येक वेळी करतो. नॉइजचा संबंध फक्त शून्य लॅगशी असेल तर किमान त्रुटी नेहमी `σ²·w0` इतकी येते. पहिल्या समीकरणात `r_x(0)` च्या जागी `r_d(0) + σ²` लिहून बघा, एका ओळीत सिद्ध होतं. इथे २ गुणिले १९/३३, म्हणजे ३८/३३. जुळलं. जुळलं नसतं तर कुठेतरी आकडेमोड चुकली.

प्रत्यक्ष रीडिंगवर चालवून बघू. आधीचं रीडिंग २५१, आत्ताचं २५६. फरक १ आणि ६. फिल्टर म्हणतो ०.५७५८ गुणिले ६ अधिक ०.२४२४ गुणिले १, म्हणजे ३.७. पातळीचा अंदाज २५३.७ सेंटीमीटर. पाणी पाच सेंटीमीटर चढलं असं सेन्सर म्हणतोय. फिल्टर त्यातला बराचसा भाग लाटेच्या खात्यात टाकतो.

दोन्ही वजनांची बेरीज ०.८२ आहे, १ नाही, हे नीट बघा. फिल्टर प्रत्येक अंदाज सरासरीकडे थोडा ओढतो, कारण मोठा फरक दिसला तर त्यात नॉइजचा वाटा असण्याची शक्यता असते. म्हणूनच सरासरी आधी वजा करायची. ती न करता थेट २५० या रीडिंगला ही वजनं लावली तर उत्तर येईल २०४.५. नदी बसल्या जागी पंचेचाळीस सेंटीमीटर उतरली असं दिसेल. फिल्टरचं आउटपुट सतत एकाच बाजूला आणि बरंच कमी येत असेल तर पहिला संशय इथे घ्या.

नुसती सरासरी का नको

मोजणीत चढउतार दिसले की आपला पहिला हात मूव्हिंग ॲव्हरेजकडे जातो. त्याचीही सरासरी वर्ग-त्रुटी याच आकड्यांवरून काढता येते. शेवटच्या दोन रीडिंगची सरासरी घेतली तर त्रुटी १.५ येते. तीन रीडिंगची घेतली तर १.६९. म्हणजे जास्त रीडिंग घेऊन ती वाढली. नॉइज कमी झाला हे खरं, पण वीस मिनिटांपूर्वीची पातळी आत्ताची म्हणून खपवल्यामुळे जे नुकसान झालं ते त्याहून मोठं. याउलट फक्त आत्ताचं रीडिंग घेऊन त्याला ५/७, म्हणजे ०.७१४ ने गुणलं तरी त्रुटी १.४३ येते. एकच वजन, पण योग्य ते, दोन आणि तीन रीडिंगच्या सरासरीपेक्षा सरस ठरतं.

तिसरं वजन घालून बघू

```
7·w0   + 4·w1 + 3.2·w2 = 5
4·w0   + 7·w1 + 4·w2   = 4
3.2·w0 + 4·w1 + 7·w2   = 3.2
```

तीन अज्ञातं पाहून दचकायचं कारण नाही. मॅट्रिक्स दोन्ही कर्णांभोवती सारखं आहे, त्याचा फायदा घ्या. पहिल्यातून तिसरं समीकरण वजा केलं की `w1` उडून जातं:

```
3.8·(w0 - w2) = 1.8   →   w0 - w2 = 0.4737
```

पहिलं आणि तिसरं मिळवा, आणि `w0 + w2` ला `s` म्हणा:

```
10.2·s + 8·w1 = 8.2
4·s    + 7·w1 = 4
```

यातून `s = 127/197 = 0.6447` आणि `w1 = 40/197 = 0.2030`. बेरीज आणि वजाबाकी हातात आली की:

```
w0 = 0.5592     w1 = 0.2030     w2 = 0.0855
J  = 2·0.5592 = 1.1184
```

त्रुटी १.१५१५ वरून १.११८४. तिसऱ्या रीडिंगने फार काही दिलं नाही. चौथं, पाचवं, शंभरावं घेतलं तर? ०.८ च्या या सिग्नलसाठी मागची अनंत रीडिंग वापरली तरी त्रुटी १.११३६ च्या खाली जात नाही. तीन वजनांनी आपण जवळजवळ तळ गाठला. मायक्रोकंट्रोलरवर वीस टॅपचा, म्हणजे वीस वजनांचा, फिल्टर टाकायचा विचार असेल तर आधी हा आकडा काढून बघा.

वजनं जास्त असतील तर हाताने सोडवू नका. अशा मॅट्रिक्सला टोप्लिट्झ म्हणतात, आणि लेव्हिन्सनने १९४७ मध्ये दिलेली रीत एक-एक वजन वाढवत ते झटपट सोडवते. पायथॉनमध्ये ते तयार मिळतं:

```python
import numpy as np
from scipy.linalg import solve_toeplitz

rx = np.array([7.0, 4.0, 3.2])
p  = np.array([5.0, 4.0, 3.2])
w  = solve_toeplitz(rx, p)
print(w, 5.0 - w @ p)
```

वर हाताने काढलेलेच आकडे दिसायला हवेत.

दहा मिनिटं थांबलात तर

मला या सगळ्या विषयात सगळ्यात आवडणारी जागा ही. आत्ताची पातळी आत्ताच सांगायची, ही अट थोडी सैल करू. एक रीडिंग पुढचं येऊ द्या, आणि मग मधल्या क्षणाची पातळी सांगा. म्हणजे पुढचं, मधलं आणि मागचं अशी तीन रीडिंग हातात आहेत. रीडिंग तीनच, त्यामुळे डावीकडचं मॅट्रिक्स जसंच्या तसं. बदलते फक्त उजवी बाजू, कारण आता मधल्या क्षणापासून दोन्ही शेजारी एकेक पायरीवर आहेत:

```
p = [4, 5, 4]
```

दोन्ही बाजू सारख्या, म्हणून बाहेरची दोन वजनं सारखी असणार. त्यांना `a` म्हणू, मधल्याला `b`:

```
10.2·a + 4·b = 4
8·a    + 7·b = 5
```

`a = 0.2030`, `b = 0.4822`. आणि त्रुटी ०.९६४५.

मागची अनंत रीडिंग वापरून १.११३६. मागचं एकच आणि पुढचं एक रीडिंग वापरून ०.९६४५. त्या एका मागच्या रीडिंगपलीकडचा नदीचा सगळा इतिहास एका बाजूला आणि पुढची दहा मिनिटं दुसऱ्या बाजूला ठेवली तर पुढची दहा मिनिटं जड भरतात. कारण असं की `x(n-1)` ने जे सांगितलं त्यानंतर `x(n-2)` कडे सांगायला नवं फारसं उरत नाही, पण `x(n+1)` मधल्या क्षणाकडे दुसऱ्याच बाजूने बघत असतं. पुढची सगळी आणि मागची सगळी रीडिंग मिळाली तरी त्रुटी ०.९१२५ पर्यंतच उतरते, म्हणजे इथेही पहिल्या शेजाऱ्याने बहुतेक काम केलेलं आहे.

मघाचं उदाहरण पुढे नेऊ. २५१, २५६, आणि दहा मिनिटांनी २४९ आलं. फरक १, ६, उणे १. मधल्या क्षणाचा अंदाज: बाहेरचे दोन एकमेकांना कापतात, उरतं ०.४८२२ गुणिले ६, म्हणजे २.९. पातळी २५२.९. आधी आपण २५३.७ म्हटलं होतं. पुढच्या रीडिंगने सांगितलं की ते २५६ आपण मानलं त्याहूनही जास्त लाटेचं होतं.

मग थांबायचं की नाही? महिन्याचा अहवाल बनवायचा असेल, पातळीचा आलेख काढायचा असेल, तर थांबा. त्यात तोटा काहीच नाही. घाटावर इशारा द्यायचा असेल तर जेमतेम मिलिमीटरभर अचूकतेसाठी दहा मिनिटं घालवू नका.

नॉइजचा आकडा चुकला तर

समजा नॉइज २ असताना आपण १ धरला, म्हणजे `r_d(0)` ५ ऐवजी ६ मानला. दोन वजनांची समीकरणं सोडवली तर `w0 = 26/33 = 0.788`, `w1 = 4/33 = 0.121`. सूत्र सांगेल किमान त्रुटी ०.७९. फारच छान. पण नॉइज खरोखर २ असताना ही वजनं प्रत्यक्षात देतात १.३६. कागदावर आपला फिल्टर योग्य फिल्टरपेक्षा चांगला दिसतो आणि नदीवर तो वाईट चालतो. सूत्र फक्त आपण दिलेल्या आकड्यांशी प्रामाणिक असतं. म्हणून दोन फिल्टरची तुलना त्यांच्या स्वतःच्या `J` वरून कधीच करू नका.

मग खरी त्रुटी कशी ओळखायची? `d` तर आपल्याला दिसतच नाही. पण `x(n) - y(n)`, म्हणजे रीडिंग आणि अंदाज यांतला फरक, दिसतो. नॉर्मल समीकरणं पाळली गेली असतील तर या फरकाचा मागच्या रीडिंगशी गुणाकार करून घेतलेली सरासरी शून्याच्या जवळ यायला हवी, आणि आत्ताच्या रीडिंगशी केलेली नॉइजच्या व्हेरियन्सइतकी, म्हणजे २. ज्या नोंदीवरून ऑटोकोरिलेशन काढलं तिच्यावरच ही तपासणी करू नका, तिथे ती जुळणारच. पुढच्या आठवड्याच्या रीडिंगवर करा. मागच्या रीडिंगशी सरासरी शून्यापासून दूर गेली तर नदीचं किंवा लाटांचं वागणं बदललंय, आकडे नव्याने काढा. एक मर्यादा मात्र लक्षात असू द्या: नॉइजचा वाटा मुळात चुकीचा पाडला असेल तर ते या तपासणीत दिसत नाही, कारण तीसुद्धा त्याच गृहीतकावर उभी आहे. त्यासाठी लॅग ३ आणि ४ चेच आकडे बघावे लागतात.

जिथे ही पद्धत सुटते

पहिली जागा तापमानाची. अल्ट्रासॉनिक सेन्सर ध्वनी पाण्यावर आपटून परत यायला लागणारा वेळ मोजतो. हवेतला ध्वनीचा वेग साधारण ३४६ मीटर प्रति सेकंद, २५ अंशांना, आणि तो दर अंशाला सुमारे ०.६ मीटर प्रति सेकंदाने वाढतो. पुलापासून पाणी सहा मीटर खाली असेल तर एका अंशाला एक सेंटीमीटरच्या आसपास चूक. नाशिकमध्ये पहाटे आणि दुपारच्या तापमानात दहा-पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. सेन्सरमध्ये तापमानाची दुरुस्ती नसेल तर ही चूक लाटांपेक्षा कितीतरी मोठी, आणि ती सावकाश बदलते. म्हणजे तिचं ऑटोकोरिलेशन फक्त शून्य लॅगवर नसतं, सगळ्या लॅगवर पसरतं. आपली नॉइज वेगळा काढायची युक्ती तिला सिग्नल समजते आणि फिल्टर तिला जपून ठेवतो. ओळखायची खूण: `r_x(k)` चा आलेख घटत घटत शून्याकडे जायच्या ऐवजी मध्येच अडून बसतो, आणि १४४ लॅगपाशी, म्हणजे बरोबर एका दिवसाने, पुन्हा वर येतो. यावर फिल्टरमध्ये उपाय नाही. शेजारी तापमानाचा सेन्सर लावून वेग आधी दुरुस्त करायचा आणि मग ऑटोकोरिलेशन काढायचं.

दुसरी जागा विसर्गाची, आणि ती जास्त गंभीर. ऑटोकोरिलेशनचे तीन आकडे शांत नदीचे आहेत. धरणातून पाणी सोडलं की नदी ती नदी राहत नाही. समजा पातळी तीस सेंटीमीटर चढली आणि तिथेच राहिली. दोन वजनांचा फिल्टर दाखवेल ०.८१८ गुणिले ३०, म्हणजे साडेचोवीस. जोपर्यंत आपण वजा करतोय ती सरासरी जुनी आहे, तोपर्यंत तो साडेपाच सेंटीमीटर कमीच दाखवत राहील, आणि नेमकं पाणी चढत असताना कमी दाखवेल. वजनं कितीही काळजीपूर्वक काढली तरी हे चुकत नाही, कारण इतका मोठा फरक त्या तीन आकड्यांच्या हिशोबात नव्हताच.

म्हणून फिल्टरच्या आधी एक अट टाकून ठेवा. शांत नदीत रीडिंगचा व्हेरियन्स ७, म्हणजे प्रमाण विचलन २.६५ सेंटीमीटर, आणि त्याची तिप्पट सुमारे ८. लागोपाठ दोन रीडिंग सरासरीपासून एकाच बाजूला ८ सेंटीमीटरच्या पलीकडे गेली, तर फिल्टर बंद करा आणि कच्चं रीडिंगच पुढे पाठवा. दीड सेंटीमीटरचा नॉइज त्या वेळी चालतो. फिल्टर पुन्हा सुरू करायचा तो पाणी नव्या पातळीवर निदान एक दिवस स्थिरावल्यावर, त्या पातळीची सरासरी घेऊन. ऑटोकोरिलेशनही तेव्हा पुन्हा काढावं लागेल. पाणी वाढलं की लाटा वाढतात, आणि जुना २ हा आकडा तिथे लागू असेल असं धरता येत नाही.